झाकणासकट डबा

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे चार हजार डबे आले आणि झाकणंच आली नाहीत. आंबा पिकून खोलीत पडलेला, बायका सकाळी सातला येऊन बसलेल्या, आणि सप्लायर फोनवर सांगतोय, "ताई, माल तर पोचला की वेळेत." तीन टन आंबा, पस्तीस रुपये किलोचा, दोन दिवसांत अर्धा गेला. पैसे आधीच शंभर टक्के दिलेले, त्यामुळे भांडायला हातात काहीच नव्हतं.

आमचं रत्नागिरीजवळ छोटं कॅनिंग युनिट आहे, मामाचं, खरेदी आणि हिशोब मी बघते. पल्प मोठ्या डब्यात भरतो, एका डब्यात साधारण ३.१ किलो बसतो, दिवसाला पाचशे डबे, आणि पाऊस लागेपर्यंत जेमतेम चोवीस-पंचवीस दिवस मिळतात. म्हणजे बारा हजार डबे. यंदा नवा सप्लायर गाठला, कोल्हापूरकडचा. शिमगा आटोपला की लगेच त्याच्याकडे गेले.

त्याचं कोटेशन असं होतं: डबा ६५ रुपये, एकूण ७ लाख ८० हजार, वर १८ टक्के जीएसटी. पन्नास टक्के ॲडव्हान्स, उरलेले माल निघायच्या आधी. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड, जास्तीत जास्त पाच टक्के. मामाने वाचलं आणि म्हणाला, "बरा आहे की गो, दंड पण लिवलान."

मी कॅल्क्युलेटर काढला. माल तीन लॉटमध्ये यायचा, चार हजार डब्यांचा एक लॉट २ लाख ६० हजारांचा, त्याचा अर्धा टक्का तेराशे रुपये. आठवडाभर युनिट बंद राहिलं तर हे आम्हाला तेराशे देणार, आणि आमचा एका दिवसाचा नुसता आंबाच लाखाच्या वर. हा दंड बिल्डिंगच्या कामात ठीक आहे, चोवीस दिवसांच्या सीझनला आठवडा हे मापच चुकीचं. आणि हा दंड कापायचा कशातून? पैसे तर सगळे आधीच गेलेले.

शेठ माणूस वाईट नव्हता. चहा आला, मग त्याने स्पष्ट सांगितलं, "ताई, पत्रा मला रोखीत घ्यावा लागतोय, आणि दोन वर्षांमागं एकानं माल नेला, पैसं अजून देतोय. आम्ही काय पळून चाललोय काय?" मला पटलं. त्याला खरी भीती पत्र्यात पैसे अडकण्याची होती, मग ॲडव्हान्स पत्र्यापुरताच का नको? मी म्हटलं ऑर्डरबरोबर दहा टक्के देते, पत्रा तुमच्या शेडमध्ये आला की त्याचं बिल आणि माल दाखवा, त्याच दिवशी आणखी वीस. नुसता फोटो चालणार नाही, मी स्वतः येणार, कारण पत्र्याचा फोटो कुणाच्याही शेडमधला असू शकतो. उरलेले प्रत्येक लॉट आमच्या गेटला उतरल्यावर अठ्ठेचाळीस तासांत. तो चाळीसवर अडला, मग पस्तीस, मग पुन्हा चहा, शेवटी तीसच.

ॲडव्हान्सच्या प्रोफॉर्मात त्याच्या अकाउंटंटने जीएसटीही धरलेला होता. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही, २०१७ पासूनच, तो बिल झाल्यावर लागतो. त्याच्या पन्नास टक्क्यांत हे सत्तर हजार दोनशे रुपये जास्तीचे होते, आणि बिल नाही तोवर आम्हाला त्याचं क्रेडिटही मिळणार नव्हतं. अकाउंटंट म्हणाला आम्ही सगळ्यांकडून असंच घेतो, मी म्हटलं घेत असाल. शेठनेच त्याला गप्प केलं.

मग तीस टक्के म्हणजे २ लाख ३४ हजार, तीन लॉटमध्ये सारखे ७८ हजार वळते करायचे असं ठरलं. हे मी मुद्दाम लिहून घेतलं, नाहीतर ॲडव्हान्स शेवटच्या लॉटला वळता करू म्हणतात आणि शेवटचा लॉट आलाच नाही तर आपण बसतो.

दंडावर खरी झोंबाझोंबी झाली. मी दिवसाला एक टक्का मागितला, पण पूर्ण ऑर्डरवर नाही, जेवढे डबे उशिरा येतील तेवढ्यांच्याच किमतीवर. दोन दिवस माफ. कमाल दहा टक्के. आणि सात दिवसांवर गेलं तर उरलेला लॉट रद्द करायचा हक्क आमचा, न वळता झालेला ॲडव्हान्स पाच दिवसांत परत. तो म्हणाला एक टक्का फार होतो. मग मी मागच्या वर्षीचा कागद काढून ठेवला, आंब्याचं बिल, बायकांची हजेरी, किती क्रेट फेकले. ओळखीच्या वकिलाने सांगितलेलं की नुसता आकडा लिहून भागत नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं, म्हणून तो आकडा कुठून आला ते ऑर्डरला जोडून ठेव. शेठ बराच वेळ फेकलेल्या क्रेटचा आकडा बघत बसला.

त्याच्याही दोन अटी आल्या आणि दोन्ही रास्त होत्या. ॲडव्हान्स त्याच्या खात्यात पडेल त्या दिवसापासून तारखा मोजायच्या, आणि मी एका लॉटचे पैसे जितके दिवस लांबवीन तितके दिवस पुढची तारीख पुढे. आंबा घाट बंद झाला तर दंड नाही म्हणाला. मी म्हटलं मान्य, पण गाडी त्याआधी निघालेली पाहिजे, तुमच्या गेटपासची तारीख दाखवायची.

आणि सगळ्यात शेवटी मी एक ओळ घातली, "डबा म्हणजे झाकणासह डबा, झाकण नसलेला डबा पोचला असे धरले जाणार नाही." शेठ हसला, "हे काय लिवायचं असतंय व्हय?" मी म्हटलं, लिवा.

पहिला लॉट ५ मेला आला, वेळेत. आम्ही ८ तारखेला सुरू केलं. दुसरा १३ ला यायचा होता, आला नाही. १४ ला फोन केला तर मशीन बिघडलेलं. आमच्याकडे तेव्हा हजार डबे उरलेले, म्हणजे १५ ची संध्याकाळ. मी आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं की तयार किती आहेत. म्हणाला पंधराशे. मी म्हटलं तेवढेच पाठवा, तेवढ्यांवर दंड लागणार नाही, उरलेल्यांवरच लागेल. हे त्याच्या लगेच डोक्यात शिरलं, नाहीतर पूर्वी सगळे म्हणायचे की पूर्ण गाडी भरल्याशिवाय भाडं परवडत नाही.

१५ च्या रात्री साडेअकराला टेम्पो आला. पंधराशे डबे म्हणजे आमचे तीन दिवस. उरलेले अडीच हजार १७ ला पोचले, चार दिवस उशिरा, त्यातले दोन माफ, म्हणून ३,२५० रुपये मी बिलातून वजा केले आणि बाकीचे दुसऱ्याच दिवशी पाठवले. त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

पण त्या १५ च्या रात्री टेम्पोची ताडपत्री सोडल्या सोडल्या मी डब्यांकडे बघितलंच नाही. ड्रायव्हरला म्हटलं आधी झाकणांचे गठ्ठे खाली घे. मामा मागून टॉर्च धरून उभा आणि मी पायरीवर बसून कागदी नळकांडी मोजत होते, ड्रायव्हर म्हणाला, "ताई, शेठनं सांगितलंय, पंधरा जास्तच घातलीत."