कचऱ्याचे शंभर रुपये जातात कुठे? आमची वाटचाल आणि थोडा हिशेब

शहराच्या हद्दीबाहेर वाढलेल्या वस्त्यांची गोष्ट सगळीकडे सारखीच असते. नगरपालिकेची घंटागाडी हद्दीच्या कमानीपाशी वळते, ग्रामपंचायतीकडे गाडी नसते आणि मधल्या एनए प्लॉटांवर घरं मात्र शेकड्यांनी उभी राहतात. आमचा व्यवसाय या मधल्या पट्ट्यातला. एक छोटा हत्ती, एक भाड्याची शेड आणि 800 घरं. घरटी महिन्याला शंभर रुपये घेतो. ‘घरपट्टी भरतो, मग कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला?’ हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक गल्लीत ऐकू येतो. त्याचं उत्तर दारात उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी खर्च मांडतो. ड्रायव्हर 16,000, गाडीवरचे दोन मदतनीस मिळून 26,000, शेडमध्ये सुका माल निवडणाऱ्या दोन बायका मिळून 18,000. झाले 60,000. रोजच्या दोन फेऱ्या धरून गाडी 35 किलोमीटर फिरते, पण दर वीस पावलांवर थांबत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्यामुळे लिटरला 12 किलोमीटरच्या वर जात नाही. महिन्याचे 26 दिवस धरले तर डिझेल 7,000. गाडीचा हप्ता 11,000. टायर, दुरुस्ती, विमा, पासिंग यांचा महिन्यावर पडणारा भाग 6,500. शेडचं भाडं 5,000, हातमोजे-गमबूट-झाडू-पोती 1,500. बेरीज 91,000 होते.

जमेच्या बाजूला सगळ्यांनी पैसे दिले तर 80,000 आणि सुक्या मालाच्या विक्रीचे साधारण 16,000. म्हणजे 5,000 हातात. पण पाचातलं एक घर पैसे देत नाही, तेव्हा 16,000 कमी येतात आणि आम्ही 11,000 नी खड्ड्यात जातो. ‘आमच्या एकट्याच्या शंभराने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

यात बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. कचरा उचलण्याचा खर्च घराचा नसतो, गल्लीचा असतो. गाडी गल्लीत शिरली की डिझेल जळालं, माणसांचा वेळ गेला. मग त्या गल्लीतून 20 घरांनी कचरा दिला काय आणि 14 घरांनी दिला काय, खर्च जवळपास तेवढाच. म्हणून आमच्या धंद्यात गिऱ्हाईक निम्मं झालं की खर्च निम्मा होत नाही. हे आम्हाला एका स्पर्धकाने फार महागात शिकवलं.

त्याचं नाव घेणार नाही. त्याने घरटी साठ रुपयांचा भाव काढला आणि वर सांगितलं, ओला-सुका वेगळा करायची कटकट नको, एकाच डब्यात टाका. लोकांना दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षाही जास्त आवडली, हे आम्हाला आजही टोचतं. बघता बघता आमची 300 घरं गेली. गेलेली घरं एका बाजूची असती तर फेरी लहान केली असती, पण ती सगळ्या गल्ल्यांत विखुरलेली होती. गाडी तेवढीच फिरायची, फक्त जास्त घरांसमोरून रिकामी जायची. शुल्क 50,000 वर आलं, सुका माल घटून त्याचे 10,000 यायला लागले आणि खर्च खेचून खेचून 88,000 पर्यंतच उतरला. दर महिन्याला 28,000 चं भगदाड. गाडीचे हप्ते थकले, शेडचा मालक कुलूप लावायला निघाला.

साठ रुपयांत त्याला परवडत कसं होतं? त्याची जमा 300 घरांचे 18,000. जुनी, हप्ता फिटलेली गाडी, एकच माणूस चालवणारा आणि तोच उचलणारा. शेड नाही, निवडणं नाही, खत नाही. गाडी भरली की बंद पडलेल्या दगडखाणीत उपडी. तेवढंच काम करायचं असेल तर साठ रुपये जास्तच झाले.

मिसळलेल्या कचऱ्याचं नुकसान कुठे होतं तेही सांगायला हवं. कोरड्या पुठ्ठ्याला आमच्याकडे किलोला दहा-बारा रुपये येतात. त्याच पुठ्ठ्यावर आमटी सांडली की व्यापारी आधी वजनात घट कापतो आणि मग तीन-चार रुपये हातावर ठेवतो. दुधाची पिशवी धुऊन दिली तर माल, आत दूध आंबलं तर ओझं. चिप्सच्या चकचकीत पाकिटांना एरवीही गिऱ्हाईक नाही. ती आम्ही वेगळी बांधून, उलट वाहतूक भरून पाठवतो. ओल्या कचऱ्याचं आणखी नाजूक. खड्ड्यात भाजीच्या देठांवर पालापाचोळ्याचा किंवा भुशाचा थर दिला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतलं तापमान 55-60 अंशांवर जातं. मूठभर माल हातात घेऊन दाबला तर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त, भुगा सुटला तर कमी. याच खड्ड्यात प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या की हवा फिरत नाही, माल कुजतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आणि एक डायपर फुटला तर त्यातली जेली खतभर पसरते, चाळणीने निघत नाही. म्हणून आम्ही डायपर-पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे मागतो. खताच्या विक्रीतून खड्डे उलटण्याची मजुरी निघते, त्यापलीकडे काही नाही. ‘कचऱ्यातून सोनं’ वगैरे भाषणात ठीक आहे.

दगडखाणीचं पुढे काय झालं ते गावाने पाहिलं. पावसाळ्यात खाण भरली, काळं पाणी झिरपत खालच्या विहिरीला लागलं, शेतकऱ्यांनी आरडाओरड केली आणि ग्रामपंचायतीने वाटेवर चर खणला. स्पर्धकाची गाडी दुसऱ्या दिवसापासून दिसली नाही. त्याच्याकडची घरं आमच्याकडे परतायला वेळ लागला आणि तेवढ्या दिवसांत वळणावरच्या डीपीखाली उकिरडा झाला.

त्या उकिरड्याचा हिशेब शुल्काच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. तिथे साधारण 40 घरं कचरा टाकत होती. घरटी दिवसाला सव्वा किलो धरला तर रोज 50 किलो, पंधरवड्यात पाऊण टन. तो उचलायला जेसीबी बोलावला की दोन तासांखाली येत नाही, तासाला 1,200 प्रमाणे 2,400. ट्रॅक्टरची खेप 1,000, राहिलेलं खरवडायला एक माणूस 600. एका वेळचे 4,000, महिन्यातून दोनदा म्हणजे 8,000. हे पैसे ग्रामपंचायतीचे, म्हणजे घरपट्टीतलेच. त्याच 40 घरांचं आमचं शुल्क होतं 4,000. निम्म्या पैशांत कचरा दारातून गेला असता, कुत्री जमली नसती, गटार तुंबलं नसतं. शिवाय जेसीबीने उचललेला कचरा मातीमिश्रित असतो. त्यातून ना पुठ्ठा निघतो, ना खत. तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो, एवढंच.

‘आम्ही जाळतो, तुमची गरज नाही’ असंही काही घरं सांगतात. 2016 च्या घनकचरा नियमांत उघड्यावर जाळायला आणि रस्त्यात-नाल्यात टाकायला मनाई केली आणि उपविधीनुसार शुल्क देणं ही कचरा करणाऱ्याची जबाबदारी ठरवली. शुल्क ही आमची कल्पना नव्हे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे सभासद घरोघर जातात, महिन्याचं शुल्क थेट घरांकडून घेतात आणि विकण्याजोगा सुका माल त्यांचाच राहतो. गाडा त्याच दोन चाकांवर चालतो, शुल्क आणि वेगळा केलेला माल. एक काढलं की तो कलंडतो.

पडत्या काळात आम्हाला कुणी तारलं असेल तर स्टँडमागच्या खानावळीच्या मावशींनी. त्यांचे महिन्याला सहाशे रुपये, पाच तारखेच्या आत. त्यांच्याकडे रोज 25 किलोच्या आसपास ओला कचरा निघतो, पण डब्यावर मोठी चाळण ठेवलेली असते. खरकटं आधी तिच्यावर निथळतं, रस्सा-पाणी मोरीत जातं, मगच कचरा डब्यात पडतो. पत्रावळ्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या विसळून दोरीला. साठ रुपयेवाल्याने त्यांना निम्म्या भावाचं आमिष दाखवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘टाकतोस कुठं?’ उत्तर आलं नाही. शुल्क देणाऱ्या प्रत्येकाने हाच प्रश्न विचारावा, आम्हालासुद्धा. गाडीत मधला पडदा आहे का, पावती मिळते का, भरलेली गाडी किती वेळात रिकामी होऊन परत येते, हे पाहिलं तरी पुरे. ओलं-सुकं दोन ठिकाणी उतरवून कुणी पंधरा मिनिटांत परत येत नाही.

निथळण्याचा आग्रह आम्ही उगीच धरत नाही. खरकट्याचं पाणी आंबट असतं, ते तळाचा पत्रा खातं. आमच्या गाडीला 3 मिलिमीटरचा पत्रा होता. आधी कोपऱ्याच्या वेल्डिंगला गंज धरला, मग पत्र्याला भोकं पडली आणि ‘तुमची गाडी रस्त्यावर गळते’ म्हणून फोन सुरू झाले. आता तळाला उतार देऊन मागे कॉक बसवलाय. पाणी शेडवर पोचल्यावरच सोडतो आणि गाडी रोज धुतली जाते. कुणाला या धंद्यात यायचं असेल तर न विचारता सांगतो. जुनी टिपर घेताना इंजिनाआधी तळाच्या पत्र्यावर हातोडी मारा. बद आवाज आला तर सोडून द्या. मग बॉडी भरलेली असताना उचलून दहा मिनिटं तशीच धरा. खाली बसायला लागली तर जॅकचं सील गेलंय. रिकाम्या गाडीवर हे कळत नाही, आणि विकणारा नेमकी रिकामीच दाखवतो. बॉडी वर असताना मात्र टेकू लावल्याशिवाय खाली हात घालू नका.

आज पुन्हा 800 घरं आहेत, पैसे देणारी मात्र 720. म्हणजे 72,000 आणि सुक्या मालाचे 16,000, जमा 88,000. अजूनही 3,000 कमीच पडतात. म्हणून येत्या महिन्यापासून घरटी 110 रुपये घेणार आहोत. त्यातून 7,200 वाढतील. तूट भरून 4,200 उरतील, ते तळाचा पत्रा बदलायला आणि थकलेल्या हप्त्यांकडे जातील. उरलेल्या 80 घरांनी शंभरच दिले असते तर 8,000 आले असते आणि ही वाढ करावी लागली नसती. दहा रुपये का वाढले, असं विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगणार आहोत. वही शेडमध्ये आहे, अकरानंतर कुणीही येऊन पाहावी.