दर मिनिटाला 600: साचलेल्या पत्त्यांचा निपटारा करताना

अंधेरीतल्या एका कुरिअर कंपनीत मी बॅकएंडचं काम करते. पार्सलवरच्या पत्त्यावरून नकाशावरची जागा काढण्यासाठी आम्ही बाहेरची सेवा वापरतो. करार नव्याने करायच्या कागदपत्रांत ती काही काळ बंद होती. चालू झाली तेव्हा रांगेत 2,90,000 पत्ते साचले होते, आणि सेवेची मर्यादा होती अख्ख्या अकाउंटला मिळून मिनिटाला 600 विनंत्या.

पहिलं काम रांग लहान करण्याचं होतं. मुंबईत एकाच टॉवरमध्ये शे-दोनशे घरं असतात, आणि आम्हाला नकाशावर फक्त इमारत हवी असते. म्हणून पत्त्यातला फ्लॅट नंबर आणि मजला काढला, ‘सीएचएस’, ‘को-ऑप. हौ. सोसायटी’ अशी रूपं एकसारखी केली आणि एकेका इमारतीसाठी एकच विनंती ठेवली. उरल्या 1,72,800.

मग वेग. रात्रीही नवीन ऑर्डर येतातच, आणि त्यांना याच 600 मधून वाट द्यायची होती. रात्रीची त्यांची कमाल मिनिटाला 180 धरली, 60 मोकळ्या ठेवल्या, जुन्या रांगेला 360 उरल्या. म्हणजे सेकंदाला 6 आणि एकूण आठ तास. डिलिव्हरीची मुलं सकाळी सातला निघतात, म्हणून रात्री साडेनऊला सुरू करायचं ठरलं.

विनंत्या पाठवतात ते वर्कर, म्हणजे एकाच वेळी शेजारी-शेजारी चालणारे छोटे प्रोग्राम. आमचे मॅनेजर म्हणाले, “अगं, मग अजून दहा वर्कर लाव ना, लवकर आटपेल.” त्यांना मी आकडे दाखवले. एका उत्तराला साधारण 400 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला सहाच पाठवायच्या असतील तर एका वेळी सरासरी अडीच विनंत्याही हवेत नसतात. तीन वर्कर पुरतात, चौथा फक्त वाट बघत बसतो. “बरं, तुझ्या हिशोबाने चालव,” ते म्हणाले.

खरी मेख वेगळीच होती. जुन्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वर्कर स्वतःपुरतं मोजायचा. चार वर्कर, प्रत्येकाचा समज असा की 600 आपलेच. सेवेच्या दारात मिळून 2400 जाणार, आणि बहुतेकांना ‘फार विनंत्या आल्या, 30 सेकंद थांबा’ असं सांगणारं हे उत्तर मिळणार:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 30
```

त्यावर ते लगेच पुन्हा पाठवायचे. आमच्या सेवेत नाकारलेली विनंतीही मर्यादेत धरली जाते, त्यामुळे जितकं रेटाल तितकं दार बंद राहतं. हे ग्राफवर ओळखता येतं: पाठवलेल्या विनंत्यांची रेघ चढत जाते आणि यशस्वी उत्तरांची मात्र सपाट राहते किंवा खाली येते.

म्हणून मोजणी वर्करमधून काढून रेडिसमध्ये, म्हणजे सगळ्या वर्करना मिळून वापरता येणाऱ्या एका वेगवान डेटा-साठ्यात आणली. तिथे एकच आकडा ठेवला: पुढची विनंती कधी जाऊ शकते. वर्कर तो वाचतो, त्यात 167 मिलिसेकंद मिळवून परत ठेवतो आणि स्वतःची वेळ येईपर्यंत थांबतो. आकडा मागे पडला असेल तर आत्ताच्या वेळेपासून मोजायचं, नाहीतर थोडा वेळ काम थांबलं की साठलेल्या सगळ्या वेळा एकदम सुटतात. वाचणं आणि लिहिणं एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये असल्याने आणि रेडिस ती न थांबता एका दमात चालवत असल्याने मध्ये दुसरा वर्कर घुसत नाही. दवाखान्यात नंबर वाटणारा माणूस एकच असावा, तसं हे. विनंत्या अशा सारख्या अंतराने गेल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मिनिटाच्या सुरुवातीलाच सगळा कोटा ओतला तर नवीन ऑर्डर उरलेलं मिनिट ताटकळते.

तरीही 429 आलंच तर? `Retry-After` मधली वेळ तोच आकडा पुढे ढकलते, म्हणजे एकाला नकार मिळाला की तिघंही थांबतात. थांबा संपल्यावर वेग निम्म्यावरून सुरू होतो आणि हळूहळू सहावर येतो. वेळ रांगेतूनच वाटली जात असल्याने तिघं एकदम उठून धडक मारत नाहीत.

रांगेचा क्रमही बदलला. दुसऱ्या दिवशी पोचवायची पार्सलं पुढे घेतली, परत गेलेली शेवटी. प्रत्येक पत्त्याची स्थिती डेटाबेसमध्ये लिहीत गेलो, म्हणजे प्रक्रिया मध्येच पडली तर झालेले पत्ते पुन्हा पाठवून कोटा जाळायला नको.

मध्यरात्रीनंतर थोडे 429 आले. नवीन ऑर्डरचा आकडा 180 आणि मोकळ्या ठेवलेल्या 60 यांच्याही वर गेला होता, एका मोठ्या सेलमुळे. जुन्या रांगेचा वेग सेकंदाला पाचवर आणला आणि नकार थांबले. त्या दिवसाच्या पार्सलांचे पत्ते सातच्या आधीच झाले होते, मागचे थोडे पत्ते त्यानंतर संपले. ‘राममंदिरामागे, पिवळ्या चाळीत’ अशा पत्त्यांना सेवेने जागा सापडत नाही असं कळवलं होतं. ते पुन्हा न पाठवता वेगळ्या तक्त्यात टाकले, आणि त्या त्या हबमधल्या मुलांनी ग्राहकांना फोन करून विचारून घेतले.