तपासायचं विधान कोणतं?

“सर, प्रश्नाचा फोटो टाकला की दोन मिनिटांत बरोबर पर्याय सांगता. एवढी सगळी विधानं तपासता कधी?”

सगळी तपासत नाहीच. फोटो उघडला की मी आधी पर्याय वाचतो, विधानं नंतर. साताऱ्यातल्या आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने पाठवलेला प्रश्नच घ्या. योग्य विधाने ओळखायची होती.

अ. कोयना कराडला कृष्णेला मिळते.
ब. वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते.
क. पंचगंगा सातारा जिल्ह्यात कृष्णेला मिळ
ड. येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते.

पर्याय: (१) अ, ब, क (२) अ, ब, ड (३) ब, क, ड (४) वरील सर्व.

आता नुसते पर्याय बघा. ‘ब’ चारही ठिकाणी आहे, म्हणजे त्यावर एक सेकंदही घालवायचा नाही. वारणेचा संगम कुठे का असेना, त्याने एकही पर्याय उडत नाही. उरले अ, क आणि ड. तिन्ही प्रत्येकी तीन पर्यायांत आहेत. त्यातलं कुठलंही एक चूक निघालं की तीन पर्याय एकदम जातात आणि उत्तर हातात येतं. बरोबर निघालं तर मात्र एकच जातो. म्हणून यातलं जे विधान चुकीचं वाटतं, तेच आधी धरायचं. कराडचा प्रीतिसंगम आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो, तिथे चूक सापडण्याची आशा नाही. पंचगंगा मिळते नरसोबाच्या वाडीला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. ‘क’ गेलं, त्यासोबत १, ३ आणि ४ गेले. येरळेकडे बघायचीही गरज पडली नाही. मी ‘२’ लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, उत्तरतालिकेत ४ आहे.

तालिका चुकली असेल असं मला वाटलं, तरी पान सपाट करून पुन्हा फोटो मागवला. पुस्तकाच्या घडीत ओळीचं टोक गेलं होतं. तिथे छापलं होतं, “मिळत नाही.” ‘मिळ’ दिसल्यावर पुढचं ‘ते’ मी मनानेच जोडलं होतं. ‘नाही’ धरलं की ‘क’ खरं ठरतं, मग फक्त २ जातो. ‘अ’ खरं म्हणून ३ जातो, आणि शेवटी येरळा तपासावीच लागते. ती ब्रह्मनाळलाच मिळते, म्हणून १ जातो आणि ४ उरतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नकारही ओळीच्या अगदी टोकाला बसतो, आणि फोटोत कापलं जातं ते नेमकं तेच टोक. तेव्हापासून मी प्रत्येक विधानाचा पूर्णविराम दिसतोय का ते बघतो. एकाचाही दिसला नाही, तर उत्तराऐवजी “पान दाबून परत काढ” एवढंच कळवतो.