जवारीचा व्हिडिओ : तपासणीत सापडलेल्या दोन जागा

माझी यूट्यूबवरची मिरजेच्या तंतुवाद्यांची मालिका फॉलो करणाऱ्यांना माहीत आहे, तिसरा भाग पंधरा दिवस रखडला होता. हा भाग जवारीचा, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून तानपुऱ्याचा आवाज उघडण्याच्या कामाचा. काल संध्याकाळी त्यावरचा दुसरा कॉपीराइटचा दावा मागे घेतल्याचा मेल आला आणि मला भरून आलं. चौतीस मिनिटांचा हा भाग आता पूर्ण आवाजासह दिसतोय. मधल्या काळात अपलोडच्या वेळची ती दोन चक्रं, Copyright आणि Ad suitability, नेमकं काय करतात हे मला नीट समजलं. ते सगळं इथे लिहून ठेवते.

आधी फाइलचं सांगते. ४के, ४५ एमबीपीएस, म्हणजे साधारण साडेअकरा जीबी. माझ्या सांगलीच्या घरातलं नेट चढवायला वीस एमबीपीएस देतं, त्यामुळे नुसतं चढायलाच सव्वा तास गेला. मग Checks च्या पानावर चक्र फिरू लागलं. आपल्यापैकी बरेच जण इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. व्हिडिओ चढला की आधी त्याची कमी दर्जाची प्रत तयार होते आणि एचडी, ४के प्रती मागाहून बनत राहतात. ते काम वेगळं आणि तपासणी वेगळी. 'एचडी अजून आलं नाही, म्हणजे कॉपीराइट अडकलं' असा अर्थ लावू नका. तपासणी बहुधा काही मिनिटांत उरकते, लांब व्हिडिओला अर्थातच जास्त वेळ लागतो.

कॉपीराइटच्या टप्प्यात आपला व्हिडिओ Content ID च्या साठ्याशी ताडून पाहिला जातो. २००७ पासून ही व्यवस्था आहे. हक्कधारक आपल्या गाण्याच्या, चित्रपटाच्या मूळ फाइली तिथे देतात. त्या फाइलींचे ठसे काढलेले असतात. आपल्या व्हिडिओच्या आवाजाचे आणि चित्राचेही तसेच ठसे निघतात, आणि व्हिडिओचा एखादा तुकडा साठ्यातल्या कुठल्या तुकड्याशी जुळतो का ते शोधलं जातं. पूर्ण चौतीस मिनिटं चाळायची आणि तीही अवाढव्य साठ्यासमोर, म्हणून वेळ लागतो.

माझ्या व्हिडिओत दोन जागी जुळणी सापडली. पहिली तिसऱ्या मिनिटाला. दुकानाच्या पलीकडच्या चहाच्या गाडीवर रेडिओ चालू होता आणि वाद्य घडवणारे काका तानपुऱ्यासाठी भोपळा निवडत असताना मागे एका सिनेगीताच्या दोन ओळी वाजत होत्या. हा दावा बरोबरच होता. आवाज बारीक असला, वर बोलणं असलं, तरी ठसा जुळतो हे आता पक्कं लक्षात ठेवलंय.

दुसरी जुळणी एकविसाव्या मिनिटाला, बत्तीस सेकंदांची. याच जागेने माझी झोप उडवली. त्या जागी कुठलंच गाणं नाही. काकांनी घोडीवरून कानस फिरवली, बोटाने भुकटी झटकली, तारेखाली सुती दोरा सरकवला आणि तानपुरा छेडला. दोरा केसभर पुढेमागे केला की आवाज एकदम उघडतो. आधी बंद, ठप्प. मग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजणारा. पंचम, दोन जोड, खर्ज. सगळी मालिका मी त्या बत्तीस सेकंदांसाठी केली होती. आणि तेच एका संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतं म्हणे!

दोन रात्री मी हेडफोन लावून तेवढाच तुकडा ऐकत बसले. मग उलगडा झाला. ठसा म्हणजे कुठल्या क्षणी कुठले स्वर ठळक आहेत याचा नकाशा. गाण्यात तो सतत बदलतो, म्हणून ओळख पक्की होते. तानपुऱ्यात त्याच चार तारा त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. पट्टी एक आणि लय जवळपास सारखी असली, तर दोन वेगळ्या तानपुऱ्यांचे नकाशे एकमेकांवर बसू शकतात. कुणी नुसता तानपुऱ्याचा ट्रॅक साठ्यात दिला असेल, तर जगातला दुसरा तानपुरा त्यात अडकू शकतो. खरं तर ध्वनिपरिणाम, सगळ्यांना वापरता येणारे लूप असला माल मूळ फाइल म्हणून देणं नियमात बसत नाही. कंपनीने ही काळजी घ्यायलाच हवी होती.

दोन्ही जागांना एकच औषध लावणं ही माझी पहिली चूक ठरली असती. यूट्यूबच्या स्टुडिओत तुकडा कापणं, आवाज बंद करणं, गाणं पुसणं असे पर्याय असतात. रेडिओच्या जागी ते चालले असते. पण संपादन जतन झालं की पुन्हा प्रक्रिया सुरू होते आणि त्यातही वेळ जातो. म्हणून मी रेडिओची जागा माझ्याकडच्या मूळ संपादनाच्या टाइमलाइनवरच दुरुस्त केली, तिथे भोपळ्यावर टिचकी मारल्याचा आवाज टाकला. दुसऱ्या जागी मात्र कापाकापी नाही, थेट हरकत. नवी फाइल चढल्यावर तोच दावा पुन्हा आला आणि त्याच दिवशी मी 'माझी मूळ निर्मिती' हे कारण निवडून लिहिलं : तानपुरा समोर बसून वाजवला आहे, हात आणि तारा चित्रात दिसतात, काकांची परवानगी आहे. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला ठेवलं जातं, म्हणून घाई केली. नवव्या दिवशी दावा सुटला. तोवर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरची कारवाई, वगैरे काही नव्हतं. दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत.

जाहिरातीची तपासणी फक्त कमाई चालू असलेल्या चॅनेलना दिसते. आधी आपण प्रश्नावली भरायची : शिव्या, हिंसा, धक्कादायक दृश्यं वगैरे. मग यंत्रणा चित्र, बोलणं, शीर्षक, लघुचित्र, वर्णन यांवरून स्वतःचा अंदाज काढते, म्हणून इथेही थांबावं लागतं. सव्विसाव्या मिनिटाला काकांच्या बोटाला कानस लागून थेंबभर रक्त आलंय. ते मी प्रश्नावलीत लपवलं नाही, आणि लघुचित्रात तो शॉट घेतला नाही. हिरवं चिन्ह आलं, म्हणजे जाहिरातींना अडचण नाही. पिवळं, म्हणजे मर्यादित जाहिरातींचं, आलं असतं तर माणसाकडून तपासणी मागता येते. आपली उत्तरं आणि त्यांचा निर्णय वारंवार जुळले की आपल्या उत्तरांवर जास्त भरवसा ठेवला जातो, त्यामुळे खरं लिहिणंच फायद्याचं.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं आणि मगाशी करूनही पाहिलं. ४के चढवायच्या आधी छोटी प्रत चढवायची. आवाजाचा ठसा काढायला ४के लागत नाही.

```
ffmpeg -i bhag4.mp4 -vf scale=-2:360 -c:v libx264 -b:v 1M -c:a aac -b:a 192k chachni.mp4
```

चौतीस मिनिटांचे तीनशे एमबी, दोनेक मिनिटांत चढले. खासगी ठेवून चौथ्या भागाची तपासणी करून घेतली, काही निघालं नाही, मग प्रत काढून टाकली. शीर्षक आणि लघुचित्रही खरंच तेच लावावं, नाहीतर जाहिरातीच्या निकालाला अर्थ राहत नाही. हा निकाल अंतिम नसतो, हेही धरून चाला. तपासणी संपायच्या आधीही प्रसिद्ध करता येतं, आणि 'अडचण नाही' आल्यावरही पुढे कधी साठ्यात नवी फाइल आली की जुन्या व्हिडिओवर दावा येऊ शकतो.

'रॉयल्टी फ्री' म्हणून विकली जाणारी संगीतपाकिटं मी आता घेणार नाही. एकच तुकडा शंभर जण वापरतात, त्यांतला कुणीतरी आपल्या गाण्यात घालून साठ्यात देतो आणि दावा आपल्यावर येतो. एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या माइकनेही रेडिओ गेला नाही, कॉलर माइकने बराच गेला. पाचव्या भागासाठी मी सतारीच्या पडद्यांचं चित्रण ठरवलं होतं, पण आता आधी चहावाल्या दादांकडे जाणार आहे. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आधी सांगितलं असतं तर अर्धा तास बंदच ठेवला असता." मंगळवारी सकाळी सातला, गाडी लागायच्या आत, दुकान उघडायचं काकांनी कबूल केलंय.