आजी पिते ते पाणी

स्लॅबच्या दिवशी मी साइटवर मिस्त्रीच्याही आधी पोचतो. पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठच्या त्या गावी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. मे महिना, भरती चढत होती आणि खाजनाच्या बांधावरून खाडीचा वास येत होता. सेंट्रिंग तयार, सळया बांधलेल्या, मिक्सरजवळ सिमेंटच्या गोण्या ताडपत्रीखाली. स्लॅब तसा छोटा, बीम धरून साधारण १४ घनमीटर.

पाण्याचा पिंप रात्रीच भरून ठेवला होता. त्याच्या काठावर, जिथे पाणी सांडून सुकलं होतं, तिथे पांढरी रेघ दिसली. बोट लावून जिभेला लावली. खारट नव्हे, पण मचूळ.

"पाणी कुठलं?"

"आमच्याच विहिरीचं," मालक म्हणाले. "पिण्याचं आहे हो. आजी आजपण तेच पिते."

आजी व्हरांड्यात बसली होती. "पावसात गोड असतं," ती म्हणाली, "मेमध्ये जरा मचूळ होतं. सवय आहे आम्हाला."

आमच्या धंद्यात सगळ्यांना एक वाक्य पाठ असतं: पिण्याचं पाणी काँक्रीटला चालतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येही, पिण्यायोग्य पाणी 'सामान्यतः' समाधानकारक मानावं असंच आहे. तो 'सामान्यतः' शब्द कुणी वाचत नाही. मीही कित्येक वर्षं वाचला नव्हता.

गाडीत माझी एक पेटी असते: ब्युरेट, तपकिरी बाटलीत सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेटचं पिवळं द्रावण. नमुन्यात दोन थेंब क्रोमेट टाकायचं, मग वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचं. पाण्यातला क्लोराईड संपेपर्यंत पिवळा रंग टिकतो. तो संपला की पुढच्याच थेंबाला विटकरी झाक येते आणि तिथे थांबायचं. बोटांवर पडलं तर चार दिवस काळे डाग राहतात, म्हणून बायको ही पेटी घरात घेऊ देत नाही. मी २५ मिली पाणी घेतलं. माझ्या द्रावणाचा १ मिली म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम क्लोराईड. रंग बदलला तेव्हा ब्युरेटमधून ४३ मिली उतरलं होतं. म्हणजे ८६० मिलिग्रॅम.

आता गंमत बघा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोराईड २५० पर्यंत असावा म्हटलंय, पण दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्याला मात्र आयएस ४५६ ची मर्यादा आहे ५००. लोखंड नसेल तर २०००. म्हणजे आजीने प्यावं असं पाणी, पण स्लॅबने पिऊ नये. काँक्रीटला खरं तर मिठाचं फारसं वावडं नाही. वावडं आहे आतल्या सळीला.

मालकांना हे पटेना. "एवढ्याशा मिठाने काय होतंय?" प्रश्न वाजवी होता, म्हणून सिमेंटच्या गोणीवरच हिशेब मांडला. एका घनमीटरला पाणी १८५ लिटर, म्हणजे पाण्यातून क्लोराईड आला साधारण १६० ग्रॅम. संपूर्ण काँक्रीटमध्ये, पाणी, रेती, खडी, सिमेंट सगळं धरून, लोखंडी सळ्यांच्या कामाला ६०० ग्रॅमची मुभा आहे. नुसतं पाणी बघितलं तर गुन्हा मोठा नाही. पण रेती? ढिगातली रेती खाडीची होती. रात्री कुठून येते ते विचारायचं नसतं. त्यातली थोडी डिस्टिल्ड पाण्यात घोळवून तेच द्रावण तपासलं, तर क्लोराईड वजनाच्या ०.०६ टक्के निघाला. ७०० किलो रेतीचे ४२० ग्रॅम. सिमेंटमध्येही थोडा असतो, तो ८० च्या आसपास धरला. बेरीज ६६०. रेती एकटी असती तर चाललं असतं, पाणी एकटं असतं तरी आकडा सुटला असता. दोघांनी मिळून मर्यादा ओलांडली.

सळीचं म्हणणं असं: सिमेंटच्या ओल्या छिद्रांतलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं, सामू साडेबारा-तेराच्या घरात, की लोखंडावर एक अदृश्य पातळ थर बसतो आणि गंज थांबतो. क्लोराईड तो थर सगळीकडे फोडत नाही, एखाद्या ठिकाणी भोक पाडतो. तेवढ्याच टिचभर जागी गंज सळीत आत उतरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त जागा लागते. मग वरचं काँक्रीटचं कव्हर सळीच्या रेषेत तडकतं, त्यातून आणखी पाणी आणि हवा आत जाते. गोव्यात कुठल्याही जुन्या छज्जाखाली उभं राहून वर बघा: सळीच्या बरोबर रेषेत तपकिरी डाग, आणि हाताने ठोकलं की पोकळ आवाज.

नऊ वाजता टँकर आला. कंत्राटदाराने फोन करून मागवला होता. पाणी गोड होतं, ब्युरेटमधून जेमतेम दीड मिली उतरलं, पण बादलीत ओतल्यावर वर इंद्रधनुष्याची साय. या टाकीत आधी काय वाहून नेलं होतं ते ड्रायव्हर सांगेना, पण वास डिझेलचा होता.

तेलाबद्दल मी उगाच घाबरवत नाही. खनिज तेल सिमेंटच्या वजनाच्या अडीच टक्क्यांवर गेलं तर ताकद वीस टक्क्यांहून जास्त पडू शकते. पण घनमीटरला ३८० किलो सिमेंट धरलं तर ते साडेनऊ किलो तेल झालं. बादलीवरची साय त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मिस्त्री म्हणाला, "मग खालून नळी लावून घेतो, तेल वरच राहील." मिक्सरपुरतं मी मान्यही केलं असतं. पण मागे वळून बघतो तर एक पोरगा त्याच टँकरची नळी घेऊन सेंट्रिंग आणि सळया भिजवत होता. मिक्सरमध्ये तेल पसरून विरळ होतं, सळीवर मात्र ते पापुद्र्यासारखं बसतं आणि काँक्रीटची पकड सुटते. तेवढ्या भागातल्या सळया साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवायला आणि मग गोड पाण्याने खळबळायला लावल्या आणि टँकर परत पाठवला. त्या पोराचा दोष नव्हता, गरम सळया आणि लाकूड भिजवायला आम्हीच शिकवलेलं.

साडेदहाला मी स्लॅब रद्द केला. चौदा माणसं जेवून घरी गेली आणि त्यांची अर्धी मजुरी कुणी द्यायची यावर बराच वेळ वाद चालला. तो इथे नको.

मालकांनी मधला मार्ग काढला होता: "मिक्सिंगला दुसरं पाणी आणू, नंतर शिंपायला विहिरीचं वापरू." हा मार्ग वाटतो तितका निर्धोक नाही. या स्लॅबला मिसळायला लागणार २६०० लिटर. पण वर वाफे करून पाणी साठवायचं तर पहिल्या भरणीलाच जवळजवळ तेवढं जातं, आणि मेच्या उन्हात दिवसाला चार-साडेचारशे लिटर उडतं. चौदा दिवसांत धरा साडेआठ हजार लिटर. पाणी उडतं, मीठ उडत नाही. विहिरीच्या पाण्याने केलं असतं तर मिसळताना जितका क्लोराईड, त्याच्या तिपटीहून जास्त वरून आला असता. सगळा आत मुरत नाही हे खरं, पण कोवळं काँक्रीट पाणी ओढतं तेव्हाच तो वर साचत असतो.

मग पाणी आणायचं कुठून? मिस्त्रीनेच भीत भीत सुचवलं: डोंगराकडची जुनी चिरेखाण. जांभ्या दगडाचा खड्डा, तळाशी लालभडक पाणी, म्हशी डुंबतात. मालक खवळले. आजी पिते ते पाणी चालत नाही आणि म्हशीचं चालतं?

तपासल्याशिवाय मीही हो म्हणालो नाही. क्लोराईड लिटरला चाळीस मिलिग्रॅमही नव्हता. सामू ६.५, मर्यादा ६ च्या खाली नको एवढीच. गाळून, सुकवून, तोलून पाहिलं तर गाळ मात्र ३१०० मिलिग्रॅम, आणि चालतो २००० पर्यंत. गाळाचा त्रास वेगळा. बारीक माती खडीला लेप देते, मग सिमेंट खडीला नीट धरत नाही. शिवाय माती पाणी पिते, माल कोरडा वाटतो, आणि मिक्सरवाला न विचारता अजून एक मग ओततो. ताकद खरी पडते ती त्या मगाने. पण गाळाला साधा उपाय आहे, मिठाला नाही. पाणी टाकीत दोन रात्री न हलवता ठेवलं आणि वरून घेतलं, तर गाळ ४०० वर आला. खड्ड्याच्या एका कडेला हिरवं शेवाळ होतं, तिथून घ्यायचं नाही असं बजावलं, कारण शेवाळामुळे माल हवा धरतो. म्हशींचे जंतू सिमेंटला बाधत नाहीत, शेण बाधू शकतं, म्हणून नमुना सेंद्रिय पदार्थांसाठी लॅबमध्येही पाठवला. तो मर्यादेत आला.

तरी मालकांच्या समाधानासाठी ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे भरले: तीन बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचे, तीन खाणीच्या निवळलेल्या पाण्याचे, आणि मालकांच्या आग्रहावरून तीन विहिरीच्या. सात दिवसांनी फोडले. ताकद चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये: डिस्टिल्ड १८.९, खाण १८.२, विहीर १९.३.

"बघा," मालक म्हणाले, "आमचंच जास्त!"

इतका फरक ठोकळ्या-ठोकळ्यांत असतोच. पण विहिरीचे ठोकळे खरोखरच पुढे गेले असते तरी मला नवल वाटलं नसतं. मिठाने सिमेंट सुरुवातीला जरा लवकर आवळतं, समुद्राच्या पाण्यानेही पहिल्या आठवड्यात ताकद चांगली दिसू शकते. ठोकळ्यात सळी नसते. जे बिघडणार ते त्यात दिसणारच नाही, कितीही वेळा फोडा.

स्लॅब नवव्या दिवशी पडला, खाणीच्या पाण्याने आणि क्रशरच्या रेतीने. शिंपणंही त्याच पाण्याने. पाऊस यायच्या आधी जेमतेम उरकलं. २८ दिवसांचे ठोकळे आले ते डिस्टिल्ड ३१.६ आणि खाण ३०.४, म्हणजे ९६ टक्के. मानकाला ९० लागतात. खांब डिसेंबरात भरले होते, त्यांची मालकांना आता धास्ती लागली. दोन खांबांत ड्रिलने भुकटी काढून तपासली, क्लोराईड घनमीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास निघाला. डिसेंबरात विहीर अजून गोडाकडे होती.

जुलैत दुसऱ्या कामाला त्या बाजूने जात होतो, पेटी गाडीतच होती. आजीने विहिरीतून कळशी काढून दिली. साडेचार मिलीतच रंग बदलला, म्हणजे नव्वद.

"आता घाल तुझा स्लॅब," आजी म्हणाली.