बॉयलर बदलायचाय, तीन दिवस घरून काम हवंय: मॅनेजरला काय लिहावं

ब्रिटनमध्ये घरातलं मोठं काम निघालं की खर्चाच्या आधी प्रश्न पडतो, दार कोण उघडणार? पुण्यात शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची, वॉचमनला फोन करायचा, झालं. इथे नवरा-बायको दोघंही नोकरीला, शेजाऱ्यांशी ओळख हात हलवण्यापुरती, आणि गॅसवाल्याची वेळ ‘सकाळी आठ ते एकच्या मधे कधीही’. हे ‘आठ ते एक’ प्रकरण डोक्यात जातं. एवढ्या शिस्तीचा देश, ट्रेन चार मिनिटं उशिरा आली तरी माफी मागतो, पण माणूस घरी नक्की किती वाजता येणार हे सांगत नाही. आपल्याकडचा मिस्त्री ‘निघालोच’ म्हणून दुसऱ्या दिवशी उगवतो हे खरं. पण त्याच्यासाठी ऑफिसात कुणाची परवानगी काढावी लागत नव्हती, हेही तितकंच खरं.

इथे परवानगी मागताना आपली मंडळी दोन टोकांना जातात. काहीजण चार परिच्छेदांची विनवणी लिहितात, तर काहीजण थेट कायदा काढतात. 6 एप्रिल 2024 पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागण्याचा हक्क आहे. तो बॉयलरसाठी वापरू नये. तो अर्ज करारातल्या अटी बदलण्यासाठी असतो, बारा महिन्यांत असे दोनच अर्ज करता येतात आणि उत्तर द्यायला कंपनीला दोन महिने मिळतात. तीन दिवसांचं काम मॅनेजरच्या अधिकारात बसतं. त्याला कायदा दाखवला की तो एचआरला विचारतो आणि साधी गोष्ट लांबते.

एक उदाहरण घेऊ. रेडिंगमधलं जुनं घर. माळ्यावर पाण्याच्या टाक्या, कपाटात गरम पाण्याचं सिलिंडर. हे सगळं काढून कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणी थेट तापवणारा बॉयलर, बसवायचाय. जुन्या कॉम्बीच्या जागी नवा असता तर बहुधा एका दिवसात भागलं असतं. इथे दोन-तीन दिवस धरावे लागतात. इंजिनियरने मंगळवार, बुधवार, गुरुवार सुचवलेत आणि नेमके तेच टीमचे ऑफिसचे दिवस. नोकरी अकाउंट्समध्ये, पुरवठादारांची बिलं चुकती करण्याची.

मॅनेजरला लिहिण्याआधी इंजिनियरला तीन गोष्टी विचाराव्यात. गॅसचं काम करणाऱ्यांच्या ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीतला त्याचा नोंदणी क्रमांक आधीच तपासलेला असेल असं धरतो. एक, वीज कधी आणि किती वेळ बंद राहील. बहुतेक वेळा बॉयलरच्या जोडणीपुरतीच बंद करावी लागते, पण राउटर त्याच सर्किटवर असेल तर इंटरनेटही जातं. दोन, भिंतीला भोक कधी पाडणार. धुराच्या नळीसाठी चार-पाच इंची भोक विटांतून पाडतात. तेवढा वेळ घरात फोनवर बोलणं अशक्य. रेडिएटर धुण्याचं यंत्र मात्र तासन्‌तास चाललं तरी नुसतं घुमत राहतं, त्यात मीटिंग होते. तीन, गॅसची नळी मोजली का? जुन्या घरात बॉयलरपर्यंत 15 मिलिमीटरची नळी असू शकते, कॉम्बीला बऱ्याचदा 22 लागते. पाहणीच्या वेळी हे मोजलं नसेल तर ते पहिल्या दिवशी दुपारी कळतं, फरशा उचलाव्या लागतात आणि तीन दिवसांचे चार होतात.

आता बदलीची व्यवस्था. ‘मी ऑनलाइन असेनच, सहकारी सांभाळून घेतील’ हे वाक्य म्हणजे व्यवस्था नव्हे. मॅनेजरला हवं असतं ते ऑफिसात शरीराने हजर असल्याशिवाय न होणाऱ्या कामांचं उत्तर. या नोकरीत अशी दोनच कामं आहेत. पहिलं टपाल: आलेले चेक आणि कागदी बिलं उघडून स्कॅन करणं. ते कोणीही करेल, फक्त नाव आणि वेळ ठरवून द्यायची.

दुसरं अवघड. पुरवठादारांचे पैसे बॅक्स या बँकांमधल्या पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेतून जातात आणि त्याला तीन कामकाजाचे दिवस लागतात: पहिल्या दिवशी फाईल पाठवायची, दुसऱ्या दिवशी प्रक्रिया, तिसऱ्या दिवशी खात्यात जमा. शुक्रवारी पैसे पोचायचे असतील तर फाईल बुधवारीच गेली पाहिजे. म्हणजे बॉयलरच्या ऐन मधल्या दिवशी. फाईल मंजूर करायला स्मार्टकार्ड लागतं, आणि ते ऑफिसच्या तिजोरीतून बाहेर न्यायचं नाही असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. इथे आपल्या ‘अरे, जरा माझं कार्ड वापर ना’ या सवयीला आवर घालायचा. कार्ड आणि पिन त्या व्यक्तीच्या नावाचे असतात. पिन सांगितला तर घरून काम राहिलं बाजूला, शिस्तभंगाची चौकशी लागेल. बदली माणूस आधीपासून मंजुरीचा अधिकार असलेलाच हवा. नवं नाव घालायचं तर बँकेची कागदपत्रं आली, ती तीन दिवसांत होतीलच असं नाही. असा दुसरा माणूस नसेल तर फाईल सोमवारी ऑफिसात बसून तयार करायची आणि जमा होण्याची तारीख शुक्रवार टाकून तिथेच मंजूर करायची. पुढची तारीख टाकता येते, पण सोमवारनंतर आलेली बिलं त्या फेरीत जाणार नाहीत, हे मॅनेजरला आधीच सांगायला हवं.

मग निरोप. मॅनेजरला इथे नावानेच हाक मारतात, त्यामुळे ‘आदरणीय’ वगैरे नको. आशय एवढाच:

‘मंगळवार ते गुरुवार घरी बॉयलर बदलतोय, त्यामुळे तीन दिवस घरून काम करू का? त्याऐवजी सोमवारी आणि शुक्रवारी ऑफिसात येईन. शुक्रवारच्या पैशांची फाईल सोमवारी मंजूर करून ठेवतो. त्यानंतरची बिलं पुढच्या फेरीत जातील. टपाल रोज अकराला सहकारी उघडेल, त्याच्याशी बोललोय. मंगळवारी दहा ते बारा भिंत फोडणार आहेत, त्या वेळात फोन घेता येणार नाही, चॅटवर असेन. वीज दोन तासांपेक्षा जास्त गेली तर अर्ध्या दिवसाची रजा टाकीन. काम लांबलं तर शुक्रवारही लागेल, ते गुरुवारी तीनपर्यंत कळवतो. या आठवड्यात सांगितलंस तर इंजिनियरची तारीख पक्की करतो.’

‘सहकारी’च्या जागी नाव घालायचं, आणि घालण्याआधी त्याला खरंच विचारायचं. निरोप किमान दोन आठवडे आधी जायला हवा.

रजेचं वाक्य स्वतःहून लिहिलेलं बरं. ‘हा घरी बसून गवंड्यांवर देखरेख करणार’ अशी शंका मॅनेजरच्या मनात येतेच, आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर थोडी देखरेख होतेही. चहा विचारणं हा इथे आतिथ्याचा नाही, जवळजवळ कराराचा भाग आहे. त्यात गेलेली दहा मिनिटं ऑफिसातल्या कॉफीमशीनपाशी जातात त्यापेक्षा जास्त नसतात, म्हणून त्याचा हिशोब देत बसायची गरज नाही.

आणखी एका गोष्टीला मॅनेजर धास्तावतो. स्क्रीनवर पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक आणि घरात अनोळखी माणसं. कामाची खोली वेगळी आणि दार बंद. उठताना विंडोजचं बटण आणि L एकत्र दाबून स्क्रीन कुलूपबंद. खाते क्रमांक मोठ्याने वाचावे लागतील असे फोन चार वाजल्यानंतर, कामगार गेल्यावर. निरोपात हे लिहायचं नाही, विचारलं तर सांगायचं.

नकार आला तर तिन्ही दिवस मागत बसू नये. पहिली सकाळ महत्त्वाची, कारण तेव्हाच पाहणीत सुटलेलं सगळं बाहेर येतं आणि निर्णय घ्यावे लागतात. शेवटची दुपारही, कारण बॉयलर सुरू करून दाखवणं आणि कागदांवर सह्या तेव्हा होतात. त्या दोन अर्ध्या रजा टाकाव्यात आणि मधल्या वेळात दार उघडायला जोडीदाराने किंवा गावातल्या मराठी मंडळातल्या एखाद्या निवृत्त काकांनी यावं. असे काका बहुतेक शहरांत एखादे सापडतात आणि ते आठ ते एक बसायला आनंदाने तयार होतात.