सोलापूरचं कॉलेज, कोल्हापूरचं लेजर

नोकरी देणाऱ्या कंपन्यांसाठी उमेदवारांची शैक्षणिक कागदपत्रं पडताळणाऱ्या एका एजन्सीचं कोल्हापुरातलं काम मी बघतो. शिवाजी विद्यापीठाची प्रकरणं माझ्याकडे येतात. त्यातलं एक मुद्दाम सांगतो, कारण त्या ताईंची बी.कॉम.ची पदवी पूर्ण खरी होती आणि तरीही ती अहवालात लाल शेऱ्यापर्यंत जाऊन पोचली होती.

ताई सोलापूरच्या. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सची वरिष्ठ जागा त्यांना मिळाली होती. ऑनलाइन फॉर्ममध्ये विद्यापीठ निवडताना त्यांनी सोलापूर विद्यापीठ निवडलं. कॉलेज सोलापुरात, मग विद्यापीठही तेच, असं कुणालाही वाटेल. पण त्या उत्तीर्ण झाल्या २००३ साली आणि सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं २००४ साली. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजं १९६२ पासूनच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. साहजिकच सोलापूरहून उत्तर आलं की अशी नोंद आमच्याकडे नाही. एवढ्या ओळीवर अहवाल बंद झाला असता, तर कंपनीला दिसलं असतं ते फक्त 'नोंद आढळली नाही'. आमच्या टीममधल्या एकीने पदवी प्रमाणपत्राचं स्कॅन उघडून वरचं नाव वाचलं, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

खरा पेच पुढे होता. आम्ही उमेदवाराचं संमतिपत्र, प्रमाणपत्राची आणि गुणपत्रिकेची प्रत लावून विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करतो आणि ठरलेलं शुल्क भरतो. परीक्षा विभाग ती प्रत स्वतःकडच्या नोंदीशी ताडून पाहतो. जुन्या निकालांची लेजर, म्हणजे नोंदवह्या, परीक्षेच्या सत्रानुसार आणि बैठक क्रमांकानुसार लावलेली असतात. नुसत्या नावावरून वीस वर्षांपूर्वीचा माणूस शोधणं म्हणजे फार मोठं काम. म्हणून सत्र आणि बैठक क्रमांक हीच खरी किल्ली. ताईंनी दिलेला क्रमांक लावला आणि उत्तर आलं : एप्रिल २००३, अनुत्तीर्ण.

मी त्यांना फोन केला. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अहो दादा, नापास कशी असेन? पदवी आहे की माझ्याकडे!"

"ताई, तुमचा एखादा विषय राहिला होता का?"

"हो, एक पेपर. ऑक्टोबरला सुटला. पण ते सांगायचं असतं का?"

सांगायचं असतं. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा बैठक क्रमांक वेगळा, लेजरही वेगळं. ताईंनी तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका अपलोड केल्या होत्या, पण तिसऱ्या वर्षाची एप्रिलचीच. ऑक्टोबरची पत्रिका एकाच विषयाची, म्हणून ती फाइलमध्ये मागे राहिली होती. विद्यापीठाने दिलेलं उत्तर चूक नव्हतं, विचारलेल्या क्रमांकाचं ते तंतोतंत उत्तर होतं. आम्ही विचारलेलाच प्रश्न अपुरा होता. एक विषय राहून नंतर सुटणं हा अहवालात दोष ठरत नाही. उमेदवार लपवतो तेव्हा मात्र फॉर्म आणि नोंद जुळत नाहीत, आणि न जुळण्यालाच आम्ही तफावत म्हणतो.

त्या संध्याकाळी ताईंनी ऑक्टोबरच्या गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवल्या. मागची बाजू बरेच जण सोडतात, पण काही वेळा शेरे तिथेच असतात. गुणपत्रिकेवर लग्नाआधीचं नाव होतं, आधारवर लग्नानंतरचं. मी विवाह नोंदणी प्रमाणपत्रही मागवून घेतलं, नाहीतर त्याच कारणावरून प्रकरण पुन्हा 'इन्सफ' म्हणजे कागद अपुरे म्हणून परतलं असतं आणि घड्याळ तिथेच थांबलं असतं. त्यांनी मध्येच विचारलं, "माझ्या ओळखीचे एक जण विद्यापीठात आहेत, त्यांच्याकडून लिहून आणू का?" मी नको म्हटलं. उमेदवाराने आणलेलं पत्र किंवा त्याने दिलेला फोन नंबर आम्ही धरत नाही. उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत मार्गानेच यावं लागतं. अलीकडच्या पदव्या डिजिलॉकरमध्ये असतील तर काम लवकर होतं, पण २००३ च्या पदवीसाठी लेजरच उघडावं लागलं.

दरम्यान मी त्यांना एक गोष्ट करायला सांगितली : कंपनीच्या एचआरला आजच मेल टाका. पदवी शिवाजी विद्यापीठाची आहे, अंतिम परीक्षा ऑक्टोबर २००३ ची, फॉर्ममध्ये विद्यापीठ चुकीचं निवडलं गेलं, सुधारित तपशील सोबत जोडला आहे, एवढंच. अहवाल येण्याआधी उमेदवाराने स्वतः लिहिलेली दुरुस्ती आणि अहवाल आल्यावर दिलेला खुलासा, यांचं वजन एचआरच्या टेबलावर सारखं नसतं.

नव्या क्रमांकावर दुसरा अर्ज गेला. त्याचं शुल्क पुन्हा भरावं लागलं, रांगही पुन्हा पहिल्यापासून. विद्यापीठाचं पत्र आलं : ऑक्टोबर २००३, उत्तीर्ण, नोंद बरोबर. आम्ही अहवालात फॉर्ममधलं विद्यापीठ आणि प्रत्यक्षातलं विद्यापीठ दोन्ही लिहिली, फरकाचं कारण दिलं आणि शेरा हिरवा केला. एचआरने तोवर ताईंची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली होती, रद्द केली नव्हती.